लग्न तोंडावर आलं असताना मोडलं: मैत्रिणीला आधार देताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे लिहिताना डोळ्यासमोर सोलापुरातलं साधं घर आहे. साखरपुडा झालाय, चाटी गल्लीत जाऊन बस्ता बांधून झालाय, पत्रिका वाटून झाल्यात, कार्यालयाला ॲडव्हान्स गेलाय, आणि लग्नाला दोन-तीन आठवडे असताना सगळं थांबलं. मैत्रीण म्हणून आपण जातो तेव्हा वाटतं की तिला काहीतरी चांगलं बोलून शांत करावं, पण अशा वेळी तिला दुःखाइतकंच दमवतं ते तेच तेच सांगणं. पत्रिका गेल्या म्हणजे शे-पाचशे लोकांना विचारायचा हक्क मिळाल्यासारखं होतं आणि प्रत्येकाला पहिल्यापासून ऐकायचं असतं. त्यामुळे खालच्या बऱ्याच उत्तरांचा रोख एकच आहे, ते सांगण्याचं ओझं तिच्यावरून कसं काढायचं.

मला दुसऱ्याकडून कळलं. फोन करू, मेसेज करू की ती सांगेपर्यंत गप्प बसू?

मेसेज करा. पहिले दोन-चार दिवस तिचा फोन सारखा वाजत असतो आणि फोन उचलला की बोलावंच लागतं, मेसेज मात्र तिला हवा तेव्हा वाचता येतो. गप्प मात्र बसू नका, कारण साखरपुड्यात जे लोक फोटो काढायला पुढे होते ते एकदम गायब झाले की तिला वाटतं आपल्याबद्दल काहीतरी बोलणं चाललंय. (आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा चाललेलंच असतं.)

मेसेजमध्ये एवढंच पुरे: मला कळलंय, तुला काही सांगायची गरज नाही, आणि मी एक ठरावीक गोष्ट करणार आहे. म्हणजे असं काहीतरी: "अगं कळलं मला. काय झालं ते सांगू नकोस, रिप्लाय पण करू नकोस. उद्या संध्याकाळी सहाला येतेय, खाली आले की मेसेज टाकते, नको वाटलं तर नुसतं 'नको' लिही, मी परत जाईन आणि मला काही वाटणार नाही." यात तिला फक्त हो किंवा नको ठरवायचंय. "काही लागलं तर सांग" असं लिहिलं की काय लागतंय ते शोधायचं, मग मागायचं, हे काम परत तिच्याच गळ्यात पडतं, आणि त्या आठवड्यात ती कुणाकडे काही मागत नाही.

काय झालं ते विचारायचंच नाही का? न विचारणं पण परकेपणाचं वाटतं.

प्रश्न विचारा की, भरपूर विचारा, फक्त आजचे विचारा. जेवलीस का, रात्री झोप लागली का, आईला कोण सांभाळतंय, ऑफिसला कळवलंस का, उद्या मी येऊ की परवा. उत्तराचा उपयोग तिला होणार असेल तर प्रश्न चांगला, उत्तर ऐकून फक्त माझी उत्सुकता भागणार असेल तर तो चौकशीचा.

चौकशी पण सरळ येत नाही, काळजीचं नाव घेऊन येते. "त्यांनी काही मागितलं होतं का गं?", "त्याचं आधी कुठे काही होतं का?", "पत्रिका नीट बघितल्या होत्या ना?", "तुला आधी काहीच कसं जाणवलं नाही?" यातला शेवटचा तर सगळ्यात वाईट, कारण त्यात दोष तिच्यावर टाकलेला असतो. "मी त्याच्या भावाला ओळखते, विचारून बघू का" हेही करू नका, तिच्या नकळत तर अजिबातच नको.

ती आपण होऊन बोलायला लागली तर मधे न थांबवता ऐका. सोमवारी ती एक कारण सांगेल आणि गुरुवारी दुसरंच, तेव्हा "पण तू तर त्या दिवशी असं म्हणालीस" असं पकडू नका, ती खोटं बोलत नसते, तिलाच अजून नक्की कळलेलं नसतं. आणि जे ऐकलं ते ग्रुपमधल्या बाकीच्या मैत्रिणींना "तिला सांगू नका" म्हणत सांगणं ही पण चौकशीचीच दुसरी बाजू झाली. तिच्याबद्दल कुणी विचारलं तर माझं ठरलेलं उत्तर आहे, "ती ठीक आहे. लग्न का मोडलं ते मला माहीत नाही आणि मी विचारलं पण नाही." यापुढे कुणी खोदत नाही.

देण्याघेण्याची मागणी झाली होती असं तिने स्वतःच सांगितलं तर एवढं लक्षात ठेवा की हुंडाबंदीचा 1961 चा कायदा आहे आणि नुसती मागणी करणं हाही त्यात गुन्हा आहे. पण तक्रार करायची की नाही हे ती आणि तिच्या घरचे ठरवतील, तुम्ही फक्त "मेसेज डिलीट करू नकोस" एवढं सांगा आणि विषय तिथेच सोडा.

मग बोलायचं तरी काय? "जे होतं ते चांगल्यासाठीच" हे तर मनापासून वाटतं.

तुम्हाला वाटत असेल आणि कदाचित दोन वर्षांनी तिलाही वाटेल, पण आज ते वाक्य ऐकलं की तिला कळतं, समोरच्याला आपलं रडणं लवकर संपायला हवंय. "लग्नाच्या गाठी वरच बांधलेल्या असतात", "नशिबात नव्हतं", "तुला याच्यापेक्षा चांगला मिळेल", ही सगळी वाक्यं बोलणं बंद करणारी आहेत, त्यावर ती "हो" सोडून काय म्हणणार. आणि "बरं झालं सुटलीस, लग्नानंतर कळलं असतं तर?" हे तर हिशोबाने बरोबर वाटतं, पण तिने त्या माणसाबरोबर घर कुठे घ्यायचं, पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे इथपर्यंत ठरवलेलं असतं, ते सगळं गेलंय आणि आपण तिला सांगतोय की आनंद मान.

इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. कुणी गेलं की आपल्याकडे दहा दिवस लोक येतात, कुणीतरी पिठलं-भाकरी आणून देतं, रडायला जागा असते. लग्न मोडलं तर त्याला दुःख म्हणून जागाच नाही, उलट चार दिवसांत दुसरी स्थळं यायला लागतात. केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1989 मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला, की समाज ज्या दुःखाला दुःख मानत नाही ते माणसाला उघडपणे करता येत नाही. त्यामुळे तुम्ही जे बोलाल त्याने तिच्या दुःखाला जागा मिळाली तरी खूप झालं. "लय वाईट झालं गं." "मला पण काही सुचेना झालंय." "रड, मी बसलेय इथंच." किंवा काहीच नाही, शेंगा निवडत बसा तिच्या आईजवळ. खरंच चालतं.

नुसतं बसून काय होणार? प्रत्यक्षात काय करता येईल?

हा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर. जुळे सोलापूरच्या एका मैत्रिणीच्या घरी हे कसं केलं ते सांगते, लग्नाला जेमतेम तीन आठवडे होते आणि पत्रिका बार्शी, मोहोळ, अक्कलकोटपर्यंत जाऊन आल्या होत्या.

पहिलं काम म्हणजे पत्रिका वाटपाची वही मागून घेतली. बहुतेक घरात वडील किंवा काका अशी वही ठेवतात, कुणाला दिली, कुणाची राहिली. त्या वहीवर तिच्या चुलत भावाने आणि आम्ही दोघींनी बसून पेनाने खुणा केल्या. आधी ते लोक ज्यांनी पुण्याहून, मुंबईहून, हैदराबादहून यायची तिकिटं काढली होती, कारण रेल्वेचं तिकीट जितकं उशिरा रद्द कराल तितके पैसे जास्त कापले जातात, आणि तिकीट वाया गेलेला पाहुणा फोनवर जास्त प्रश्न विचारतो. मग ज्यांना फोनच करायला पाहिजे असे, म्हणजे मामा, आत्या, गावाकडची वडीलधारी माणसं, ते फोन तिच्या काकांनी केले. बाकी सगळ्यांना मेसेज.

मेसेज वडिलांच्या नावाने, तिच्या नावाने नाही. मजकूर साधारण असा होता: "नमस्कार. आमच्या घरचं ठरलेलं लग्न रद्द झालं आहे. आपणास तसदी झाली त्याबद्दल दिलगीर आहोत. कारणाविषयी विचारणा करू नये ही नम्र विनंती. काही कामासाठी बोलायचं असल्यास खालील नंबरवर फोन करावा." खाली नंबर चुलत भावाचा. यात तिच्या एका मावशीचं म्हणणं होतं की "पुढे ढकललं आहे" लिहूया, तेवढंच जरा बरं दिसतं. ते आम्ही नको म्हणालो, कारण पुढे ढकललं म्हटलं की प्रत्येकजण नवीन तारीख विचारायला फोन करतो आणि महिनाभराने परत एकदा रद्द झाल्याचं सांगावं लागतं. रद्द म्हणजे रद्द, एकदाच.

दुसरं काम बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. केटरर, बँड, मंडपवाला, भटजी यांच्याकडे वडिलांचा नंबर असतो, पण टेलर, पार्लर, मेंदीवाली आणि फोटोग्राफर यांच्याकडे नवरीचाच नंबर असतो. आणि ही माणसं आपापल्या कामात असतात, त्यांना कुणी कळवत नाही. या मैत्रिणीच्या डोळ्यात पहिले चार दिवस पाणी नव्हतं, सगळ्यांना वाटलं खंबीर आहे, आणि पाचव्या दिवशी दुपारी टेलरचा फोन आला, "ताई, ब्लाउज तयार झालंय, फिटिंग बघून जावा की." तो बिचारा त्याच्या जागी बरोबर होता. ती फोन धरून किचनच्या फरशीवर बसली ती तासभर उठली नाही. त्या संध्याकाळी तिच्याकडून हे चार नंबर घेतले आणि प्रत्येकाला सांगितलं, लग्न रद्द झालंय, तिला फोन करू नका, जे काय असेल ते माझ्याशी बोला. ब्लाउज आम्ही जाऊन आणलं, शिलाई दिली, आणि पिशवी तशीच माझ्या कपाटात ठेवली. त्याचं काय करायचं ते तिला तेव्हा विचारलं नाही. फोटोग्राफरला सांगितलं की प्रीवेडिंगचे फोटो कुठे टाकू नको, डिलीट पण करू नको, पेनड्राइव्हवर घालून दे. पुढे कधीतरी ती ठरवेल.

कार्यालयाच्या ॲडव्हान्सच्या भानगडीत मैत्रिणीने पडू नये असं मला वाटतं. पावतीवर काय लिहिलंय ते बघायला सांगा आणि घरातलं मोठं माणूस जाऊन बोलू दे. कार्यालयाला ती तारीख दुसऱ्या कुणाला देता आली तर कधी कधी थोडे पैसे सुटतात, पण ते परत मिळतीलच असं तिच्या वडिलांना सांगून आशा लावू नका.

अंगठी, साड्या, दागिने परत द्यायच्या वेळी मी तिथे असावं का?

तिने बोलावलं तर असा, पण तिच्याजवळ, बोलणी चाललेल्या खोलीत नाही. त्याआधी उपयोग होतो तो यादी करण्यात: त्यांच्याकडून काय आलं, आपल्याकडून काय गेलं, प्रत्येक वस्तूचा मोबाइलवर फोटो, आणि देवघेव झाली की दोन्हीकडच्या मोठ्यांची यादीवर सही. तिला एकेक साडी काढून द्यायला लावू नका, ती कुठे ठेवलीय ते विचारून तुम्हीच पॅक करा. जमलं तर त्या दोन तासांसाठी तिला घराबाहेर न्या.

तिची आई मला बाजूला घेऊन विचारते, "तुला तर माहीत असेल, काय झालं होतं दोघांत?"

काकू वाईट नसतात हो, त्यांची झोप उडालेली असते. पण तुम्ही तिने सांगितलेलं काकूंना सांगितलंत की त्या दिवसापासून तिला बोलायला कुणी उरत नाही. "काकू, मला तिने सांगितलेलं नाही आणि सांगितलं असतं तरी तिनेच तुम्हाला सांगायला पाहिजे ना" असं हळू आवाजात म्हणा आणि विषय त्यांच्याकडे वळवा, तुमचं बीपी चेक केलं का, गोळी घेतली का. त्यांच्याकडे पण कुणी बघत नसतं त्या दिवसांत.

ती सारखं विचारते, "माझं काय चुकलं?" काय उत्तर देऊ?

"तुझं काहीच चुकलं नाही" हे लगेच म्हणू नका, कारण तुम्हाला सगळं माहीत नाही हे तिला माहीत आहे, मग ते उत्तर पोकळ लागतं. "त्याचंच चुकलं" हेही नको. मी विचारते, "तुला कुठली गोष्ट टोचतेय?" मग ती एखादी नेमकी गोष्ट सांगते, की मी त्या दिवशी फोनवर चिडले होते, किंवा सासूबाईंना असं बोलले होते. त्या एका गोष्टीवर बोलता येतं: "चिडली असशील, पण चिडल्यावर लोक भांडतात आणि मिटवतात, लग्न मोडत नाहीत." एवढं खरं असतं आणि तेवढंच बोलावं.

मी त्याला शिव्या घातल्या तर तिला बरं वाटेल ना?

तासभर वाटेल. पण ती अजून त्याच्या प्रेमात असू शकते, रात्री त्याचे जुने मेसेज वाचत असू शकते, आणि तुम्ही शिव्या घातल्यावर ते तुम्हाला सांगायची तिला लाज वाटते. शिवाय कधी कधी दोन्हीकडची मोठी माणसं परत बसतात आणि जमतं पण, मग तुमचे शब्द तिच्या डोक्यात राहतात. ती शिव्या देत असेल तर देऊ द्या, तुम्ही त्यात भर घालू नका.

लग्न तिनेच मोडलं असेल तर?

तरी हेच सगळं. फक्त त्यात अपराधीपणाची भर असते, वडिलांचे पैसे गेले, धाकटीच्या लग्नाचं काय, लोक काय म्हणतील. तिला "धाडस केलंस, प्राउड ऑफ यू" असं सारखं म्हणू नका, तसं म्हटलं की मग तिला रडता येत नाही. जिने मोडलं तिला पण दुःख होतं एवढं धरून चला.

मित्राचं, म्हणजे मुलाचं लग्न मोडलं तर काय वेगळं करायचं?

मुलांना कुणी विचारतच नाही, किंवा मित्र एकदम पार्टीला नेतात, "सोड बे, लय पोरी आहेत." आणि बाहेर लोक गृहीत धरतात की दोष मुलाचाच असणार. समोरासमोर बसून मन मोकळं कर म्हटलं तर तो करणार नाही. गाडीवर मागे बसवा, विजापूर रोडने लांब चक्कर मारा, कुठेतरी चहा घ्या, समोर रस्त्याकडे बघत बसलं की बोलणं येतं. नाही आलं तर परत दोन दिवसांनी जा. दारू मात्र त्या आठवड्यात नको, हे मी ठासून सांगते, त्याच रात्री नको ते फोन आणि मेसेज जातात.

जी लग्नाची तारीख होती त्या दिवशी काय करायचं?

तो दिवस सगळ्यांच्या लक्षात असतो आणि कुणी बोलत नाही. आठवडाभर आधी तिला सरळ विचारा, "त्या दिवशी मी सुट्टी टाकलीय. घरी बसायचं, बाहेर जायचं की तुला एकटीला राहायचंय?" बाहेर जायचं असेल तर लग्नसराईत तुळजापूर आणि अक्कलकोटला नवी जोडपी दर्शनाला आलेली असतात, हे ध्यानात ठेवून जागा निवडा. संध्याकाळी कार्यालयावरून जाणारा रस्ता टाळा. मुहूर्ताची वेळ तिला पाठ असते, त्या वेळी फोनवर खेळत बसू नका.

कधी समजायचं की हे आता आपल्या हातातलं नाही?

पहिले दोन आठवडे रडणं, भूक न लागणं, रात्री जागणं हे चालायचंच. पण दिवस जातील तसं जरासुद्धा कमी न होता वाढतच चाललं, ती अंघोळ, जेवण, काम सगळं सोडून बसली, किंवा "मी नसलेलीच बरी", "तुमच्या सगळ्यांचा त्रास तरी वाचेल" असं बोलायला लागली, स्वतःच्या वस्तू वाटायला लागली, तर थांबू नका. पहिल्याच दिवशी असं बोलली तरी थांबू नका. तिला सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतं. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, घरातल्या एका समजूतदार माणसाला लगेच सांगा. टेलिमानस म्हणून सरकारची फ्री हेल्पलाइन आहे, नंबर 14416, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, आणि तुम्ही स्वतः फोन करून काय करू ते विचारू शकता. तिने काही करून घेतलं असेल किंवा करायच्या बेतात असेल तर 112, किंवा सरळ जवळचं हॉस्पिटल गाठा.

दोन महिन्यांनी माझंच लग्न आहे. तिला बोलवू की नको?

बोलवा. न बोलावणं म्हणजे तिच्या वतीने आपणच ठरवणं झालं आणि ते तिला दुसऱ्याकडून कळलं तर फार लागतं. पण पत्रिका सगळ्यांसमोर देऊ नका, आधी एकटीला भेटून सांगा: "तू आलीस तर मला आनंदच आहे, नुसती अक्षता टाकून गेलीस तरी चालेल, नाही आलीस तर मी एका शब्दाने विचारणार नाही." करवली व्हायचा, मेंदीला पुढे बसायचा आग्रह नको. आणि तुमच्या आईला, मावशीला आधीच सांगून ठेवा की ती आली तर तिच्याजवळ स्थळाचा विषय काढायचा नाही, जेवायला तिला आपल्या कॉलेजच्या मैत्रिणींच्या पंगतीत बसवायचं.